हात कधी कापतो, ते आधी बघ

खानापूर-निपाणीकडचे पेशंट "हात कापतोय" एवढंच सांगतात. तू लगेच आजाराला नाव देऊ नकोस. आजोबांना हात मांडीवर सैल ठेवून वीसपासून उलटे आकडे मोजायला सांग. तेव्हा थरथर वाढली आणि चहाचा कप उचलताना कमी झाली, तर संशय मेंदूच्या आत खोलवर असलेल्या बेसल गँग्लियावर घे. पार्किन्सनमध्ये डोपामाइन घटतं, म्हणून हालचाल सुरू व्हायलाच वेळ लागतो आणि ती लहान लहान होत जाते. पण एकदा स्वतःच्या नाकाला, एकदा तुझ्या बोटाला बोट लावायला सांगितलं, तर ते नेमकं पोचतं.

लहान मेंदू बिघडला की उलटं. मांडीवरचा हात शांत असतो. बोट नाकाजवळ येईल तसे हेलकावे वाढतात, कारण हालचालीचं माप आणि थांबायची वेळ तोच साधत असतो.

ही नाक-बोट चाचणी घेताना तुझं बोट लांब धर, त्यांचा हात पूर्ण ताणला गेला पाहिजे. जवळ धरलंस तर सौम्य दोष दिसतच नाही.

आता बाजू, इथे नवीन मुलं हमखास चुकतात. उजवा हात हेलकावत असेल तर बिघाड लहान मेंदूच्या उजव्याच भागात शोध. बेसल गँग्लियाचा असेल तर मात्र डावीकडे.