व्हिजिटिंग कार्डावर आयएसओचा लोगो आणि नावानंतर पीएमपी, टाकू का?

प्रश्न: आमचा टॉवेलचा कारखाना आहे, सोलापुरात. मागच्या महिन्यात आयएसओ ९००१ मिळालं. आता कार्ड, बोर्ड, बॉक्स सगळीकडं लोगो टाकायचाय, प्रेसवाला म्हणतोय गूगलवरून घेतो. मी पुण्यात आयटीत होतो तेव्हा पीएमपी हे प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं सर्टिफिकेट केलं होतं, ते पण नावानंतर लावू का?

उत्तर:

प्रेसवाल्याला आधी थांबवा मालक, मग बाकीचं वाचा. तो गूगलवरून जो निळा गोल उचलणार ना, ज्यात आडव्या-उभ्या रेघा आणि मध्ये आयएसओ लिहिलेलं असतं, तो लोगो आयएसओचा स्वतःचा ट्रेडमार्क आहे आणि सर्टिफिकेट मिळालेल्या कारखान्यानं तो वापरायचाच नाही. कार्डावर नाही, बोर्डावर नाही, कुठंच नाही. कारण आयएसओ कुणालाच सर्टिफिकेट देत नाही, ते जिनिव्हात बसून फक्त स्टँडर्ड लिहितात. तुमच्याकडं येऊन दोन दिवस रजिस्टरं चाळून गेले ते सर्टिफिकेशन बॉडीचे लोक, आणि तुमचं नातं फक्त त्यांच्याशी. त्यांचा एक वेगळा मार्क असतो, तो वापरता येतो, पण त्यांच्या नियमानं. सर्टिफिकेटच्या मेलसोबत लोगोच्या नियमांची एक पीडीएफ आली असेल, नसेल आली तर मागून घ्या. रंग कुठला, किमान साइज किती, खाली स्टँडर्डचं नाव नि नंबर लिहायचा का, हे सगळं त्यात असतं. सर्टिफिकेटवर त्यांच्या मार्कशेजारी एनएबीसीबीसारखा अजून एक शिक्का दिसला तर तो त्या बॉडीला मान्यता देणाऱ्याचा, तो एकटा कापून लावायचा नाही.

आता माझी फजिती सांगतो. माझं पण टॉवेलचंच युनिट आहे, अक्कलकोट रोडला. २०१९ ला पहिलं सर्टिफिकेट आलं आणि आनंदाच्या भरात मी बॉडीचा मार्क पॉलीबॅगवर पण छापला, कार्टनवर पण छापला, आणि वर ठळक अक्षरात 'आयएसओ सर्टिफाइड टॉवेल'. वर्षानं सर्व्हेलन्स ऑडिटला, म्हणजे दरवर्षीच्या तपासणीला, साहेब आले, ऑफिसात सगळं ओके, चहा झाला, आणि जाता जाता पॅकिंगमध्ये शिरले. एक पॉलीबॅग हातात धरून विचारलं, "सर्टिफाइड काय आहे, हा टॉवेल का तुमची सिस्टिम?" मी गप्प. मायनर नॉनकन्फॉर्मिटी बसली, म्हणजे नियम न पाळल्याची छोटी नोंद.

मुद्दा असा की ९००१ हे तुमच्या काम करायच्या पद्धतीचं सर्टिफिकेट आहे, टॉवेलचं नाही. टॉवेलचा रंग जातो का, जीएसएम बरोबर आहे का, हे त्यात कुणी तपासलेलं नसतं. म्हणून बॉडीचा मार्क मालावर किंवा मालाच्या पॅकिंगवर टाकायचा नाही. ज्या नियमाखाली या बॉड्या चालतात, आयएसओ/आयईसी १७०२१-१, त्यातच हे लिहिलंय, म्हणजे बॉडी कुठलीही घ्या, यातनं सूट नाही. पॅकिंगवर नुसतं वाक्य मात्र चालतं, साधारण असं: 'अमुक टेक्स्टाइल्स, क्वालिटी मॅनेजमेंट सिस्टिम आयएसओ ९००१:२०१५ नुसार सर्टिफाइड, सर्टिफिकेशन बॉडी तमुक'. कंपनीचं नाव, सिस्टिम कुठली नि स्टँडर्ड कुठलं, सर्टिफिकेट कुणी दिलं, या तीन गोष्टी त्यात पाहिजेत आणि टॉवेल सर्टिफाइड आहे असा वास यायला नको. आणि टॉवेलला शिवलेलं लेबल हे पॅकिंग नाही, तो मालाचाच भाग धरतात, तिथं हे वाक्य पण नको. गंमत म्हणजे टेस्ट रिपोर्टवर पण मार्क चालत नाही, शेडच्या कोपऱ्यात तुमची छोटी लॅब असेल तर तिचं लेटरहेड बघून घ्या.

मी काय केलं तर सतराशे कार्टन शिल्लक होते, फेकायला जीव होईना, मग पांढरे स्टिकर आणून चार बायका बसवल्या आणि दोन दिवस मार्क झाकत बसलो. पॉलीबॅग भंगारात गेल्या. मग नवीन आर्टवर्क बॉडीला मेल केलं, त्यांचा ओके आला तो मेल, झाकलेल्या कार्टनचे फोटो आणि प्रेसवाल्याला दिलेली सूचना, हे सगळं जोडून ऑडिटरला पाठवलं तेव्हा पॉइंट क्लोज झाला. कारणाच्या रकान्यात खरं ते लिहिलं, ती पीडीएफ कुणी उघडलीच नव्हती.

तुमच्या कार्डावर, बोर्डावर, वेबसाइटवर मार्क चालतो, कारण तिथं तो कंपनीबद्दल बोलतो, मालाबद्दल नाही. फक्त 'आयएसओ सर्टिफाइड' एवढंच लिहू नका, 'आयएसओ ९००१:२०१५ सर्टिफाइड' असं पूर्ण लिहा. सालाचा तोटा एवढाच की आवृत्ती बदलली की कार्ड, बोर्ड सगळं बदलायचं लक्षात ठेवावं लागतं. ९००१:२००८ ची मुदत सप्टेंबर २०१८ लाच संपली, तरी तो आकडा मिरवणारा एक बोर्ड आपल्या गावात मी नंतर कितीतरी दिवस बघितलाय, रंग उडाला तरी बोर्ड तोच.

आणि सर्टिफिकेटवरचा स्कोप वाचा, पत्त्यासकट. समजा त्यात एमआयडीसीतला प्लॉट आणि टेरी टॉवेलचं उत्पादन एवढंच लिहिलंय, आणि तुमचं चादरीचं काम दुसऱ्या शेडमध्ये चालतं, विक्रीचं दुकान चाटी गल्लीत. मग 'टॉवेल आणि चादरीचे आयएसओ ९००१:२०१५ सर्टिफाइड उत्पादक' ही ओळ खोटी झाली, आणि दुकानाच्या पाटीवर मार्क लावला तरी तेच. एक कार्ड दोन्हीकडं वापरायचं असेल तर ओळीतच 'टेरी टॉवेल युनिट' लिहून मोकळं व्हा. सर्टिफिकेट तीन वर्षांचं असतं, मध्ये दरवर्षी सर्व्हेलन्स, ते चुकवून सस्पेंड झालात तर जाहिरातीतनं सगळं काढावं लागतं, म्हणून कार्डं हजारानं छापू नका, दोनशे-दोनशे छापा. (जाता जाता, सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेलच्या जीआय टॅगचं पण असंच, माल सोलापूरचा आहे एवढ्यानं भागत नाही, ऑथोराइज्ड युजर म्हणून नाव नोंदवावं लागतं.)

पीएमपीचं सोपं आहे पण एक मेख आहे. नावानंतर स्वल्पविराम देऊन पीएमपी लिहायला हरकत नाही, पण ते चालू पाहिजे. दर तीन वर्षांनी ६० पीडीयू, म्हणजे पुढच्या शिक्षणाचे पॉइंट, भरून, फी भरून रिन्यू करावं लागतं. नाही केलं तर एक वर्ष सस्पेंड, त्या वर्षात ती तीन अक्षरं लावायची परवानगी नसते, आणि ते वर्ष पण गेलं तर एक्स्पायर, मग परीक्षा पहिल्यापासून. तुम्ही आयटी सोडून किती वर्षं झाली ते तुम्हालाच माहीत, आधी हे सर्टिफिकेट देणाऱ्या पीएमआयच्या अकाउंटला लॉगिन करून स्टेटस बघा. अ‍ॅक्टिव्ह नसेल तर 'माजी पीएमपी' वगैरे शक्कल पण लढवू नका. आणि ते तुमचं एकट्याचं आहे, कारखान्याचं नाही, त्यामुळं नावाच्या ओळीतच ठेवा, कंपनीच्या नावाखाली किंवा जाहिरातीत 'पीएमपी सर्टिफाइड कंपनी' असं येऊ देऊ नका, आणि पीएमआयचा लोगो कार्डावर नको.

प्रेसवाल्याला मार्क व्हॉट्सॲपवर पाठवू नका, फाटतो आणि मग तो स्वतःच्या हातानं परत काढत बसतो. बॉडीकडनं ओरिजिनल फाइल मागा, कार्डाचं प्रूफ आलं की आधी त्यांना मेल करा, आणि त्यांचा होकार ऑडिटच्या फाइलला लावून ठेवा.