दोन मशिनी उचलून नेल्या, तरी हप्ते तिन्हींचे कसे मागतात?

"वकीलसाहेब, मी नागपुरात मानेवाड्याला शाळेचे युनिफॉर्म शिवते, सोबत दोन बाया आहेत. 1 एप्रिल 2023 ला इतवारीतल्या एका दुकानदाराकडून तीन ऑटोमॅटिक शिलाई मशिनी हायर पर्चेसवर घेतल्या, रोखीचा भाव एकीचा 1 लाख. 60,000 डाऊन दिले आणि बाकीचे दर सहा महिन्यांनी 48,400 चे 6 हप्ते. तीन भरले, 31 मार्च 2025 चा चौथा राहिला तर 2 एप्रिलला टेम्पो घेऊन आले, दिरानं दार उघडून दिलं आन दोन मशिनी घेऊन गेले, एक ठेवली. 22 एप्रिलला नोटीस आली, राहिलेले तीन हप्ते 1,45,200, लेट फी 9,000, उचलायचा खर्च 6,000, त्यातून दोन मशिनीचे 50,000 वजा, म्हणजे 1,10,200 भरा नाहीतर तिसरीही नेतो. करारनाम्याचे फोटो पाठवले आहे. खरंच एवढं देणं लागते का? आणि माझा हिशोबवाला विचारून राहिला की वहीत हे लिहायचं कसं."

ताई, नाही लागत. तुमचे फोटो नीट वाचले, दुकानदाराचा करारनामाच तुमच्या बाजूनं बोलतो, फक्त त्यातला व्याजाचा हिशोब उलगडून दाखवावा लागतो आणि तो कोणी दाखवत नाही म्हणून लोक घाबरून पैसे भरून टाकतात.

आधी व्याज. तीन मशिनींचा रोखीचा भाव 3,00,000, डाऊन गेलं 60,000, म्हणजे खरं उधार राहिलं 2,40,000. आणि तुम्ही भरणार होत्या सहा हप्ते, 2,90,400. वरचे 50,400 हे सगळं व्याज. करारात व्याजाचा दर कुठंच लिहिलेला नाही, नुसती हप्त्याची रक्कम आहे, असं बऱ्याच दुकानदारांच्या कागदात असतं. अशा वेळी व्याज प्रत्येक हप्त्यात सारखं नसतं हे लक्षात ठेवा. सुरुवातीला उधारी जास्त असते तर व्याज जास्त, पुढं पुढं कमी. हप्ते सारखे असले की हिशोबात 6, 5, 4, 3, 2, 1 या प्रमाणात व्याज वाटतात, बेरीज 21, म्हणून 50,400 ला 21 नं भागलं तर एक भाग 2,400 चा. पहिल्या हप्त्यात व्याज 14,400, दुसऱ्यात 12,000, तिसऱ्यात 9,600, चौथ्यात 7,200, मग 4,800 आणि शेवटच्यात 2,400.

आता बघा, तीन हप्त्यांचे तुम्ही 1,45,200 भरले त्यात व्याज गेलं 36,000 आणि मुद्दल फिटलं 1,09,200. मुद्दल राहिलं 1,30,800. चौथ्या सहामाहीत मशिनी तुमच्याकडेच चालत होत्या, म्हणून त्या काळाचं 7,200 व्याज देणं आहेच, ते नाकारू नका. म्हणजे 31 मार्चला तिन्ही मशिनींपोटी एकूण देणं 1,38,000. दुकानदार म्हणतो 1,45,200. मधला 7,200 चा फरक म्हणजे पाचव्या आणि सहाव्या हप्त्यातलं व्याज, जो काळ अजून आलेलाच नाही. मशीन परत नेली, पैसे आत्ताच मागतो, आणि पुढच्या वर्षभराचं व्याजही आजच घेतो, हे कसं चालेल. (या पद्धतीनं सुरुवातीला व्याज थोडं जास्त पडतं, खऱ्या दरानं म्हणजे सहामाहीला साधारण 5.7 टक्क्यांनी मोजलं तर मुद्दल अजून आठेकशे रुपयांनी कमी निघतं, पण त्यासाठी भांडू नका, दुकानदाराला सोयीची पद्धत धरूनही तुम्हीच बरोबर निघता.)

दुसरी गोष्ट मोठी आहे. तिन्ही मशिनी एकाच भावाच्या, म्हणून 1,38,000 चे तीन सारखे भाग करा, एकीवर 46,000. दोन नेल्या त्यांच्यावरचं देणं 92,000, जी तुमच्याकडे आहे तिच्यावरचं 46,000. तुमच्या करारनाम्यात परत घेतलेल्या मालाच्या किमतीचं कलम आहे, दुसऱ्या पानावर खालून तिसरं, "रोखीच्या भावातून दरवर्षी घटत्या किमतीवर 30 टक्के घट धरून". दोन वर्षं झाली, तर 1,00,000 चे 70,000 आणि 70,000 चे 49,000. दोन मशिनींचे 98,000. दुकानदारानं नोटिशीत 25,000 एकीचे लावले, ते कुठून आणले ते त्यालाच माहीत. मशीन मोडकी होती असं तो म्हणेल कदाचित, पण या कलमात हालतीवरून भाव कमी करायची सोय नाही आणि नेताना त्यानं दिलेल्या पावतीवर मोडतोडीचा एक शब्द नाही, म्हणून ती पावती जिवापाड सांभाळा.

तर 92,000 च्या देण्यात 98,000 चा माल गेला, वर तुमचे 6,000 राहिले. ते तिसऱ्या मशीनच्या 46,000 मधून वजा करा, राहिले 40,000. नोटिशीतल्या 1,10,200 च्या जागी हा आकडा आहे. हे 6,000 तुम्हाला कराराच्या कलमामुळे मिळतात हेही सांगून ठेवतो. तसं कलम नसलेल्या करारात जास्तीचे पैसे परत मागणं फार कठीण जातं, कारण हायर पर्चेसमध्ये शेवटचा हप्ता जाईपर्यंत मालक दुकानदारच असतो आणि तोवर भरलेलं भाडं समजून तो ठेवून घेतो. अशा करारांसाठी 1972 साली हायर पर्चेसचा कायदा केला होता, पण तो कधी लागूच झाला नाही आणि 2005 मध्ये रद्दही झाला, म्हणून कोणी त्याची कलमं दाखवली तर फसू नका, आपला आधार भारतीय करार कायदा 1872 आणि तुमचा करारनामा.

लेट फीचं बोलायचं तर करारात थकलेल्या हप्त्यावर वर्षाला 24 टक्के लिहिलं आहे. 48,400 वर 31 मार्च ते 22 एप्रिल, 22 दिवसांचे होतात साधारण 700 रुपये. 9,000 नाही. करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे दंडाची रक्कम करारात लिहिलेली असली तरी कोर्ट वाजवी भरपाईच देतं, इथं तर ती रक्कम करारातही नाही. उचलायच्या 6,000 साठी टेम्पोची आणि हमालीची बिलं मागा, बिल दाखवलं तर इतवारी ते मानेवाडा वाजवी लागेल तेवढं द्या.

आता जिथं लोक चुकतात ते सांगतो. मशिनी नेल्या म्हणून चोरीची तक्रार द्यायला पोलीस ठाण्यात जाऊ नका. सुप्रीम कोर्टानं 2001 मध्ये चरणजितसिंग चड्ढा प्रकरणात सांगितलं आहे की हायर पर्चेसच्या करारानुसार मालकानं माल परत घेतला तर ती चोरी होत नाही. कुलूप तोडलं, मारहाण केली, धमकावलं तर वेगळी गोष्ट, पण तुम्ही लिहिलंय की तुमच्या दिरानं दार उघडून दिलं. त्यांच्याकडून कोरा किंवा 'स्वखुशीनं परत करतो, काही दावा नाही' अशा मजकुराचा कागद सही करून घेतला का ते आजच विचारा, घेतला असेल तर उत्तरात लिहा की दीर करारात पक्षकार नाहीत आणि त्यांची सही तुम्हाला बांधत नाही. रिझर्व्ह बँकेकडे तक्रार करायचा सल्लाही कोणी देईल, तो इथं उपयोगाचा नाही, ते नियम फायनान्स कंपन्यांना लागतात आणि तुमचा माल दुकानदारानं स्वतःच उधारीवर दिला आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कितीही राग आला तरी तिसरी मशीन विकू नका की गहाण ठेवू नका, ती अजून तुमची नाही, विकली तर विश्वासघाताची फौजदारी तक्रार अंगावर येईल.

तिसरी मशीन तो उचलू शकतो का हा प्रश्न उरतो. थकबाकी राहिली तर करारानं त्याला तो हक्क आहे, म्हणून उत्तर लवकर जायला पाहिजे. स्पीड पोस्टानं पोहोच पावतीसह लिहा, वरचा हिशोब जोडा, आणि दोन पर्याय ठेवा. एक, 40,000 अधिक वाजवी लेट फी आणि बिलाप्रमाणे खर्च एकदम घ्या आणि तिसरी मशीन पूर्ण फिटल्याची पावती द्या. दुसरा, तिच्यापुरता करार चालू ठेवा, हप्ता एक तृतीयांश म्हणजे 16,133 रुपये, थकलेला चौथा धरून तीन राहतात, त्यातून 6,000 वजा. दोन मशिनी नेऊन तिसरी ठेवली आणि हप्तेही मागतो म्हणजे त्यानं स्वतःच तिच्यापुरता करार जिवंत ठेवलाय, हे वाक्य जरूर टाका. चेक सोबत पाठवायला जमत असेल तर 16,133 चा पाठवा, 'वाद कायम ठेवून' असं पत्रात लिहून, त्यानं तुमची बाजू भक्कम होते.

ऐकलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. धंद्यासाठी घेतली म्हणून तुम्ही ग्राहक नाही असं त्याचा वकील म्हणेल. पोट भरायला स्वतः काम करून वापरलेली वस्तू ग्राहक कायद्यात बसते, आणि मदतीला एकदोन माणसं असली तरी बिघडत नाही हे सुप्रीम कोर्टानं 1995 मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंगच्या निकालात सांगितलंय, तुम्ही स्वतः मशीनवर बसता हे दाखवा. मुदत दोन वर्षं, आणि तुम्ही दिलेली रक्कम 5 लाखांच्या आत असल्यानं फी काही नाही.

हिशोबवाल्यांना सांगा, आधी जुन्या नोंदी तपासा, बरेच जण पूर्ण हप्ताच खर्चात टाकतात किंवा मशिनी हप्त्याच्या भावानं म्हणजे 3,50,400 ला चढवतात, दोन्ही चूक. मशिनी 3,00,000 ला चढवायच्या, हप्त्यातलं व्याज तेवढं खर्चात. घसारा 15 टक्क्यांनी लावलाय ना, मग दोन वर्षांनी एक मशीन वहीत 72,250 ला उभी आहे, दोन 1,44,500 ला. 31 मार्चला 7,200 व्याज दुकानदाराच्या खात्यात जमा केल्यावर त्याचं देणं 1,38,000 दिसेल. मग 2 एप्रिलची नोंद, दुकानदाराचं खातं नावे 98,000, नुकसान नावे 46,500, मशिनरी जमा 1,44,500. दुकानदाराच्या खात्यात उरले 40,000, आणि मशिनरीत एक मशीन 72,250. हे 46,500 वहीतलं नुकसान आहे, आयकरात ते सरळ वजा मिळत नाही, तिथं मशिनरीच्या ब्लॉकमधून 98,000 कमी करायचे. दुकानदारानं उत्तरात 98,000 ऐवजी वेगळा आकडा मान्य केला आणि तुम्ही तो लिहून स्वीकारला तर तेवढी नोंद बदलेल, तोवर ही 98,000 चीच ठेवा आणि बाजूला करारातल्या कलमाचा नंबर लिहून ठेवा.