अंडे खाणाऱ्या शाकाहारी व्यक्तीला एका अंड्यातून किती बी-१२ मिळते?

प्रश्न : मी अंडी खातो, दूध-दही घेतो, पण मांस आणि मासे अजिबात खात नाही. एका अंड्यातून बी-१२ किती मिळते? रोज दोन अंडी खाल्ली तर वेगळी गोळी घ्यायची गरज उरते का?

उत्तर :

साधारण ५० ग्रॅम वजनाच्या, कवच काढलेल्या एका कोंबडीच्या अंड्यात सुमारे अर्धा मायक्रोग्रॅम कोबालामिन, म्हणजेच बी-१२ जीवनसत्त्व असते. आपल्याकडील बाजारात मिळणारी अंडी बहुधा याहून थोडी लहान असतात, त्यामुळे प्रत्यक्षात ०.४ ते ०.५ मायक्रोग्रॅम धरणे योग्य ठरेल. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली प्रौढांसाठी रोज २.२ मायक्रोग्रॅम एवढे प्रमाण सुचवले आहे. या दोन आकड्यांचा सरळ भागाकार केला तर उत्तर चार-पाच अंडी असे येते, आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आणि माझ्याकडे येणारी अनेक मंडळी हाच हिशेब करून आलेली असतात. त्यामुळे या हिशेबात काय सुटते, ते थोडे सविस्तर सांगते.

अंड्यातील बी-१२ जवळजवळ सगळे पिवळ्या बलकात असते. एका बलकात अंदाजे ०.३ ते ०.४ मायक्रोग्रॅम, तर पांढऱ्या भागात ०.०३ मायक्रोग्रॅमच्या आसपास, म्हणजे नगण्य. व्यायामशाळेत जाणारे काही तरुण सकाळी सहा अंड्यांचा पांढरा भाग खाऊन बलक टाकून देतात. त्यांना प्रथिने भरपूर मिळतात, पण त्या सहा पांढऱ्या भागांतून मिळणारे बी-१२ एका बलकाएवढेही भरत नाही. तुम्ही अंडी बी-१२ साठी खात असाल तर बलक खाणे आवश्यक आहे. बलकाचा रंग गडद केशरी असला म्हणजे बी-१२ जास्त, असेही नाही. तो रंग कोंबडीच्या खाद्यातील मका, झेंडू किंवा हिरव्या पाल्यातील रंगद्रव्यांमुळे येतो. बी-१२ किती उतरेल हे कोंबडीला खाद्यातून ते किती मिळाले यावर अवलंबून असते, आणि ते डोळ्यांनी ओळखता येत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. अन्नात असलेले बी-१२ आणि रक्तात पोहोचणारे बी-१२ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अन्नातील बी-१२ प्रथिनांना चिकटलेले असते. जठरातील आम्ल आणि पेप्सिन त्याला सोडवतात, लहान आतड्याच्या सुरुवातीला जठरातून आलेला एक विशिष्ट वाहक, ज्याला ‘इंट्रिन्सिक फॅक्टर’ म्हणतात, त्याला पकडतो, आणि लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात त्या जोडगोळीचे शोषण होते. १९७० च्या दशकात किरणोत्सारी कोबाल्टची खूण लावलेल्या बी-१२ वर काही प्रयोग झाले. त्यांत असे आढळले की शिजवलेल्या अंड्यांतील बी-१२ पैकी साधारण ४ ते ९ टक्केच शोषले जाते. मांसाच्या किंवा दुधाच्या बाबतीत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक असते. अंड्यातील काही प्रथिने, विशेषतः पांढऱ्या भागातील, बी-१२ ला धरून ठेवतात आणि त्याचे शोषण अडवतात, असे त्याच काळातील प्रयोगांतून दिसले. हे प्रयोग थोड्या माणसांवर झालेले होते, म्हणून ९ टक्के हा आकडा मी कोरीव लेखासारखा धरत नाही. पण अंडे या बाबतीत दुधाच्या बरेच मागे आहे, एवढे मात्र मी निश्चितपणे धरून चालते.

तुमच्या आहाराशी बराच मिळताजुळता असा एक आहार मी काही काळापूर्वी तपासला होता. चौतिशीतले एक गृहस्थ, बैठे काम, मांस-मासे वर्ज्य, रोज सकाळी दोन अंड्यांचे आम्लेट, दिवसभरात चहातून सुमारे १५० मिलिलिटर दूध आणि रात्री एक लहान वाटी दही. त्यांच्या वहीतील बेरीज अशी होती : अंड्यांतून १ मायक्रोग्रॅम, दुधातून ०.६ आणि दह्यातून ०.४, म्हणजे एकूण २. शिफारशीच्या इतके जवळ पोहोचल्यावर आपल्याला कमतरता कशी असेल, असा त्यांचा रास्त प्रश्न होता, कारण त्यांच्या रक्तातील बी-१२ एका मिलिलिटरमागे १७० पिकोग्रॅमच्या जवळ आले होते आणि साधारणपणे २०० च्या खालचा आकडा कमतरतेचा मानला जातो.

त्या २.२ मायक्रोग्रॅमच्या शिफारशीतच एक गृहीतक दडलेले आहे : अशा शिफारशी ठरवताना आहारातील सुमारे निम्मे बी-१२ शोषले जाईल असे धरले जाते. म्हणजे शरीरात प्रत्यक्ष पोहोचायला हवे ते रोज १ मायक्रोग्रॅमच्या थोडे वर. आता या गृहस्थांचा हिशेब त्या दृष्टीने पुन्हा मांडू. दोन अंड्यांच्या १ मायक्रोग्रॅमपैकी ९ टक्के धरले तरी शरीराला मिळाले ०.०९. दूध-दह्याच्या १ मायक्रोग्रॅमपैकी निम्मे, म्हणजे ०.५, आणि चहात दूध बराच वेळ उकळत असल्याने त्यातूनही काही वजा करायला हवे, कारण दोन ते पाच मिनिटांच्या उकळण्याने दुधातील सुमारे तीस टक्के आणि अर्ध्या तासाने जवळपास निम्मे बी-१२ नष्ट होते. तेव्हा एकूण अर्धा मायक्रोग्रॅमच्या आसपास, म्हणजे गरजेच्या निम्माच. त्यांच्या वहीत अंडी दुधाच्या बरोबरीची होती, पण शरीराच्या हिशेबात त्यांचा वाटा अगदी थोडा होता.

यावर अंड्यांची संख्या वाढवणे हा उपाय नाही. याच हिशेबाने केवळ अंड्यांवर दिवसाची गरज भागवायची तर पंचवीसच्या घरात अंडी लागतील, आणि ते कोणीही करू नये. त्याऐवजी दूध वाढवणे अधिक उपयोगी ठरते. गायीच्या दुधात १०० मिलिलिटरमागे साधारण ०.४ मायक्रोग्रॅम असते, म्हशीच्या दुधात त्याच्या थोडे खाली. दिवसातून दोनदा २५०-२५० मिलिलिटर दूध, एकदा उकळी आली की लगेच गॅस बंद करून, घेतले तर शोषणाच्या हिशेबात गरजेचा मोठा भाग भरून येतो. ते दोन वेगळ्या वेळी घेण्याला कारण आहे. इंट्रिन्सिक फॅक्टरच्या मार्गाने एका वेळी साधारण दीड ते दोन मायक्रोग्रॅमच आत जाऊ शकतात, आणि तो मार्ग पुन्हा पूर्ण मोकळा व्हायला काही तास लागतात. अंडे खायचे ते जरूर खावे. त्यातील प्रथिने आणि कोलीन उत्तम आहेत. केवळ बी-१२ चा भार त्याच्यावर टाकू नये.

गोळीबद्दल माझे मत स्पष्ट आहे. तुम्ही रोज अर्धा लिटर दूध किंवा तेवढे दही-ताक घेत नसाल, तर अंडी खात असतानाही बी-१२ ची गोळी घ्यावी. कमतरता नसताना केवळ प्रतिबंध म्हणून रोज १० मायक्रोग्रॅमच्या आसपासची मात्रा पुरेशी असते. बाजारात मात्र ५०० किंवा १५०० मायक्रोग्रॅमच्या गोळ्या सहज मिळतात, आणि त्यांचे काम थोड्या निराळ्या रीतीने चालते. एवढ्या मोठ्या मात्रेतील साधारण १ टक्का इंट्रिन्सिक फॅक्टरशिवायच आतड्यातून झिरपून जातो, म्हणजे १००० मायक्रोग्रॅममागे सुमारे १०. म्हणून ती आठवड्यातून दोन-तीनदा घेतली तरी चालते. गोळीतील बी-१२ प्रथिनांना चिकटलेले नसते, त्यामुळे ते सोडवण्याचे काम जठराला करावे लागत नाही. ते जिवाणूंच्या किण्वनातून तयार होते, तेव्हा त्यात मांसाचा संबंध नसतो. कॅप्सूल घेत असाल तर तिचे आवरण जिलेटिनचे आहे का, एवढे मात्र पाहावे. लहान मात्रेची गोळी आम्लेटसोबत न घेता वेगळ्या वेळी घेणे बरे, कारण अंड्याची प्रथिने सुट्या बी-१२ चे शोषणही कमी करतात. मोठ्या मात्रेला त्याने फारसा फरक पडत नाही.

काही जणांचा प्रश्न आहारापेक्षा शोषणाचा असतो. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणारे, आम्लपित्तासाठी पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोल रोज घेणारे, आणि वयस्कर मंडळी, ज्यांच्या जठरात आम्ल कमी झालेले असते, यांना अंड्यातील आधीच घट्ट बांधलेले बी-१२ आणखी कमी मिळते. अशांनी दुधावरही भिस्त न ठेवता गोळीच घ्यावी.

पुण्यातील के. ई. एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने ग्रामीण भागातील, झोपडपट्टीतील आणि शहरी मध्यमवर्गीय पुरुषांची तपासणी करून २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे दोन तृतीयांश पुरुषांत बी-१२ कमी होते, आणि शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण सर्वांत जास्त होते. आपल्याकडे ही कमतरता एवढी रुळलेली आहे की थकवा, तळपायांची जळजळ, हातापायांना मुंग्या येणे, जीभ लाल व गुळगुळीत होणे या तक्रारी लोक वर्षभर अंगावर काढतात.

रक्ततपासणीबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवा. लाल पेशींचा आकार, म्हणजे अहवालातील ‘एमसीव्ही’, नेहमीसारखा आला म्हणून बी-१२ ठीक आहे असे समजू नका. सोबत लोहाची कमतरता असेल तर ती पेशी लहान करते, बी-१२ ची कमतरता मोठी करते, आणि सरासरी मधोमध येऊन बसते. स्त्रियांमध्ये मी हे अनेकदा पाहिले आहे. दुसरे असे की नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांनी हिमोग्लोबिन सुधारते, पण बी-१२ च्या अभावी चालू असलेली मज्जातंतूंची हानी तशीच पुढे जाते. रक्तातील बी-१२ चा आकडा २०० ते ३०० च्या दरम्यान आला तर डॉक्टर होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलोनिक ॲसिड तपासून खात्री करतात. मुंग्या किंवा तोल जाण्याची तक्रार असेल तर गोळ्यांवर वेळ न घालवता इंजेक्शनबद्दल त्यांना विचारा.

वर सांगितलेल्या गृहस्थांना डॉक्टरांनी सुरुवातीला काही आठवडे मोठी मात्रा दिली, मग आठवड्याला तीन गोळ्यांवर आणले, आणि आम्लेट तसेच चालू राहिले. तुम्ही अजून तपासणी केलेली नसेल तर गोळी सुरू करण्याआधी ती करून घ्या, कारण दोन-चार गोळ्यांनीही रक्तातील आकडा वर चढतो आणि मूळ साठा किती रिकामा होता हे नंतर कळत नाही.