सोनोग्राफीच्या फोटोवर तारीख पुढे गेली म्हणजे बाळ मागे पडलं का?

प्रश्न: वहिनीच्या १० ऑगस्टच्या सोनोग्राफी फोटोवर बाळाची लांबी CRL 22 mm, वय 8w6d आणि प्रसूतीची अंदाजे तारीख EDD १६ मार्च आहे. २० जानेवारीच्या फोटोवर 30w2d आणि EDD २९ मार्च. आई म्हणते, बाळ तेरा दिवस मागे पडलं. तासगावहून सोमवारी सांगलीला डॉक्टरांकडे जाणार आहोत. तोवर काय समजायचं?

उत्तर: सांगलीतल्या एका सेंटरवर मी बरीच वर्षं रिपोर्ट टाईप केले, त्यामुळे हा घोळ ओळखीचा आहे. मी डॉक्टर नाही.

दुसऱ्या फोटोत EDD शेजारी AUA लिहिलंय का, ते आधी पाहा. त्या दिवशी घेतलेल्या मापांवरून, म्हणजे डोकं (BPD, HC), पोटाचा घेर (AC) आणि मांडीचं हाड (FL) यांवरून मशीन सरासरी वय, म्हणजेच AUA, काढतं आणि तेवढ्यावरच नवी तारीख छापतं. ऑगस्टची सोनोग्राफी त्याच्या हिशेबात नसते. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून २० जानेवारीला बाळ ३२ आठवडे १ दिवसाचं होतं आणि तेच धरायचं. पहिल्या तीन महिन्यांत सगळी बाळं जवळजवळ सारख्या वेगाने वाढतात, म्हणून CRL वरून काढलेलं वय पाच-सात दिवसांपेक्षा सहसा जास्त चुकत नाही. अठ्ठावीस आठवड्यांनंतर हीच चूक तीन आठवड्यांपर्यंत जाऊ शकते, कारण तोवर कुणी अंगानं लहान तर कुणी मोठं झालेलं असतं. त्यामुळे EDD १६ मार्चच राहते.

म्हणजे तेरा दिवसांचा फरक मोजमापातल्या या तीन आठवड्यांच्या चुकीत बसतो. पण म्हणून बाळ ठीकच आहे, असं मी म्हणणार नाही. खरोखर वाढ खुंटलेल्या बाळाचा फोटोही असाच दिसू शकतो. दोन्हींतला फरक ओळखायला डॉक्टर AC आणि अंदाजे वजन बत्तीस आठवड्यांच्या तक्त्यावर कुठे बसतं ते बघतात, शिवाय गर्भजल, डॉपलरवर दिसणारा रक्तप्रवाह आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांतली वाढ. यातलं बरंचसं त्या एका चित्रात नसतंच.

शिवाय माप कुठे धरलं यावर आकडा हलतो. FL घेताना हाड तिरकं आलं तर ते आखूड मोजलं जातं. फोटोत मोजणीच्या दोन खुणा दिसतात, पण हाड तिरकं होतं का, हे आपल्याला कळत नाही. ठोक्यांचंही तसंच: FHR ची पट्टी फोटोत नसेल तर ठोके नव्हते, असं कुणी ठरवू नये. कदाचित ती प्रिंट काढलीच नसेल. (मुलगा की मुलगी, हे तर विचारूही नका, सांगणं १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे.)

सोमवारी दोन्ही फोटो आणि छापील रिपोर्ट, सगळं न्या. फोटो थर्मल कागदावर असतात, उन्हात काळे पडतात, म्हणून मोबाईलवरही काढून ठेवा. डॉक्टरांना एवढंच विचारा: "१६ मार्चच्या हिशेबाने पोटाचा घेर आणि वजन किती पर्सेंटाईलवर आहे?" वहिनीला बाळाची हालचाल कमी वाटली, रक्त गेलं किंवा पाणी गेलं, तर मात्र सोमवारची वाट पाहू नका, लगेच निघा.