काळं फुलपाखरू, लाल ठिपके: कॉमन रोझ की कॉमन मॉरमॉन?

प्रश्न: पुण्यात आमच्या घरामागच्या बागेत हे फुलपाखरू रोज येतं. काळं, शेपटीवालं, मागच्या पंखावर मधोमध पांढरं आणि कडेला लाल ठिपके. दोन फोटो जोडलेत. ओळखीचे एक जण म्हणाले कॉमन रोझ. तेच आहे का? आणि कायम येत राहावं म्हणून कुठली झाडं लावू?

उत्तर:

कॉमन रोझ नाही. कॉमन मॉरमॉनची मादी आहे, मराठीत जिला बहुरूपी म्हणतात. तुमच्या ओळखीच्यांनी पंख बघून नाव सांगितलं, आणि पंख बघणाऱ्याने फसावं यासाठीच ही मादी अशी दिसते.

रोझची अळी ईश्वरीच्या वेलावर वाढते. त्या पानांतलं विष ती अंगात साठवते आणि ते फुलपाखरातही उतरतं. पक्ष्याने एकदा तोंड लावलं की पुढच्या वेळी तो या रंगसंगतीच्या वाटेला जात नाही. मॉरमॉनची अळी वाढते लिंबू-कढीपत्त्यावर, तिच्यात असलं काही नसतं. तिची मादी फक्त रोझचे कपडे घालते. तेही प्रत्येक मादी नाही. आपल्याकडे या मादीची तीन रूपं दिसतात: एक थेट नरासारखं, म्हणजे काळ्या मागच्या पंखावर पांढऱ्या ठिपक्यांची एक आडवी ओळ, दुसरं कॉमन रोझसारखं, जे तुमच्या फोटोत आहे, आणि तिसरं क्रिमझन रोझसारखं, ज्याच्या पुढच्या पंखांवर पांढरे पट्टे असतात. एकाच मादीच्या अंड्यांतून वेगवेगळ्या रूपांच्या लेकी निघू शकतात. हा वेश कुठलं जनुक ठरवतं ते 2014 साली कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. त्याचं नाव डबलसेक्स. कीटकाच्या शरीरात नर-मादी हा फरक घडवणारं हे जनुक, तेच इथे पंखांच्या नक्षीलाही कामाला लागलंय.

आता तुमचे फोटो. पहिला वरून काढलाय, जास्वंदीवर. पुढच्या पंखावर पांढरं काही नाही, म्हणून क्रिमझन रोझ आणि तिची नक्कल दोन्ही बाद. उरल्या दोन शक्यता, आणि त्यांत पंखांवरच्या पांढऱ्या डागाचा किंवा शेपटीचा काडीचा उपयोग नाही. शेपटी दोघींना असते, आणि उडून उडून झिजलेल्या फुलपाखराची ती तुटलेलीही असते. बघायचं ते अंग. कॉमन रोझचं डोकं लाल, छातीच्या बाजू लाल आणि पोटाचं टोक लाल. मॉरमॉनचं अंग काळं, त्यावर बारीक पांढरे ठिपके, लाल कुठेही नाही.

पण पहिल्या फोटोत पोटाच्या टोकाशी लाल दिसतंय, हे तुम्हीही पाहिलं असेल. बहुतेक जण चुकतात ते इथेच. या मादीच्या मागच्या पंखाच्या आतल्या कडेला, म्हणजे जी कड पोटाला लागून असते तिथे, लाल रंग असतो. वरून काढलेल्या फोटोत पोटाचं टोक नेमकं त्या लाल कडांच्या मधोमध येतं. त्यात पंख फडफडत असतील तर तो लाल रंग पोटावर पसरल्यासारखा दिसतो. मोठं करून बघितलं तर डाव्या-उजव्या पंखांना धरून लालाच्या दोन पट्ट्या दिसतात आणि मधून पोट काळंच जातं. शंका राहिली तर पोट सोडा, डोकं बघा. डोक्याजवळ मागचा पंख पोचत नाही, त्यामुळे तिथे लाल दिसलं तर ते अंगाचंच.

दुसरा फोटो बाजूचा आहे. थोडा हललाय, तरी निकाल त्यानेच लागतो. पंख मिटलेले, डोकं आणि पोट दोन्ही उघडं, दोन्ही काळं. विषय संपला. पुढच्या वेळी वरून दहा फोटो काढण्यापेक्षा बाजूने दोन काढा. मॉरमॉन फुलावर बसून रस पितानाही पुढचे पंख हलवत राहते, त्यामुळे शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकं तरी ठेवा. मोबाईल असेल तर भर उन्हात, एकापाठोपाठ फोटो घ्या. उडण्यावरून ओळखायला जाऊ नका. रोझ संथ, सरळ उडते आणि ही मादी तेही उचलते. हुसकावली तरच तिची खरी, वेडीवाकडी, वेगाची भरारी दिसते.

आता झाडं. कायम यावं म्हणजे तिने तुमच्याकडे अंडी घालावी. फुलांनी फुलपाखरू थांबतं, राहत नाही. इथे माझं नर्सरीवाल्यांशी जुनं भांडण आहे. ‘फुलपाखरांचं झाड’ म्हणून ते पेंटास आणि एक्झोरा विकतात. दोन्ही चांगली, मॉरमॉन त्यांच्यावर येतेही, पण तिची अळी त्यातलं एक पानही खात नाही. तिला लिंबाच्या कुळातलं झाड लागतं. तुमच्या बागेसाठी मी दोनच सांगेन: कढीपत्ता आणि लिंबू. जागा मोठी असेल तर बेल.

कढीपत्ता नर्सरीतून आणलात तर त्यावर अंडी पडू देण्याआधी थांबा. पुष्कळ ठिकाणी रोपांना इमिडाक्लोप्रिडसारखं आंतरप्रवाही कीटकनाशक दिलेलं असतं. ते पानांवर नाही, पानांच्या आत असतं, धुऊन जात नाही. अळी खाताना थांबते, हिरवं पाणी ओकते आणि मऊ पडून लोंबकळते. असं दिसलं तर रोग म्हणू नका, विष म्हणा. रोप मोठ्या कुंडीत ताज्या मातीत हलवा, शेंडे छाटा आणि निदान तीन महिने, नवी पालवी दोनदा येईपर्यंत, त्यावर जाळी टाकून ठेवा. त्यापेक्षा सोपं म्हणजे बियांपासून करणं. स्वयंपाकघरातल्या लिंबाच्या बिया धुऊन लगेच पेरल्या की रुजतात. अशा रोपाला लिंबं लागायला वर्षं जातात म्हणून लोक ती लावत नाहीत. तुम्हाला पानंच हवीत. कढीपत्त्याच्या बियाही पिकलेल्या काळ्या फळातून काढून ताज्याच पेरा, वाळवून ठेवलेल्या उगवत नाहीत.

मादी कोवळ्या पानावर एकेक अंडं घालते, पिवळसर, गोल, मोहरीपेक्षा लहान. लहानपणी अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. शेवटच्या कातीनंतर ती हिरवी होते, अंगावर तपकिरी तिरपे पट्टे येतात, आणि बोट लावलं की डोक्यामागून लाल दुशिंगी अवयव बाहेर काढून आंबूस वास सोडते. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत साधारण महिना धरा, थंडीत जास्त. यात कोश करण्याआधीचे शेवटचे चार-पाच दिवस अळी खाते ते खरं खाणं. बारा इंची कुंडीतल्या गुडघाभर कढीपत्त्यावर दोन-तीन अळ्या निभतात. पाचवी-सहावी असेल तर झाड काडी होतं आणि अळ्या उपाशी मरतात. जास्त दिसल्या तर अळी ओढून काढू नका. ती पानावर रेशमाची गादी विणून तिला धरून बसते, कात टाकताना तर हललेलीही चालत नाही. ती बसलेली डहाळीच कापा आणि लिंबाच्या झाडात अडकवा, ती आपली उतरते. कढीपत्त्यावरची अळी लिंबाची पानं सहसा खाते, तरी कोवळीच द्या.

आणि हो, ‘कडुनिंबाचं तेल मारलं तर चालेल ना, ते नैसर्गिक आहे’ हे मला कृपा करून कोणी विचारू नका. ते अळ्या मारण्यासाठीच मारतात. अळीला ते कुठून आलं याच्याशी काही घेणं नाही. फुलपाखरू हवं आणि कढीपत्त्याचं एकही पान कुरतडलेलं नको, असं ज्यांना वाटतं त्यांनी दोन कुंड्या ठेवाव्यात, एक फोडणीची आणि एक अळ्यांची. फोडणीच्या कुंडीवर अळी दिसली की डहाळीसकट कापायची आणि दुसरीत अडकवायची. यापलीकडे त्यावर तोडगा नाही.

खरी कॉमन रोझही हवी असेल तर ईश्वरी लावा, काही जण तिला सापसंद म्हणतात. वेल आहे, तारेचा किंवा काठ्यांचा आधार द्या, पाणी साचू देऊ नका. देशावर काळ्या रानात उगवणारी किडामारीही रोझला चालते. मात्र याच कुळातल्या परदेशी, मोठ्या ठिपकेदार फुलांच्या शोभेच्या वेली आणू नका. ऑस्ट्रेलियात रिचमंड बर्डविंग नावाचं फुलपाखरू त्यातल्या एका वेलीवर अंडी घालतं आणि पानं खाऊन त्याच्या अळ्या मरतात. आपल्याकडे देशी वेल मिळत असताना ती जोखीम कशाला? रोझची अळी ओळखायला सोपी: तांबूस-काळी, अंगभर मांसल गाठी आणि मधोमध पांढरा पट्टा. पट्टा नसेल तर ती बहुधा क्रिमझन रोझची. ईश्वरीचा काढा वगैरे सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. अळीला जे विष उपयोगी पडतं, ते माणसाचं मूत्रपिंड खराब करतं. घरात लहान मुलं असतील तर वेल त्यांच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी चढवा.

एक राहिलंच. लिंबावर दिसलेली प्रत्येक विष्ठेसारखी अळी बहुरूपीची नसते. लाइम बटरफ्लायची आणि आपल्या राज्य फुलपाखराची, ब्लू मॉरमॉनची, अळीही तिथेच वाढते आणि लहानपणी तिघी सारख्याच दिसतात. कोशावरून अंदाज बांधू नका. कोश हिरवा की तपकिरी हे तो कुठल्या पार्श्वभूमीवर लागलाय त्यावरही ठरतं. त्याला बारीक गोल भोक पडलेलं दिसलं तर आतली अळी गांधीलमाशीच्या जातीच्या चिमुकल्या माशीने संपवली असं समजा. नाही तर पंख फुटून वाळेपर्यंत थांबा आणि बाजूने फोटो काढा.