परमिटची तारीख जानेवारीत, चूक ऑक्टोबरमधली

प्रश्न: नोकरीसाठी जर्मनीला आलोय. पत्ता नोंदवायला आणि परमिट वाढवायला थोडा उशीर झाला तर चालतं का?

नाही चालत. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी करायची, हा तिथला कायदा आहे. उशिराला हजार युरोपर्यंत दंड होऊ शकतो, पण खरा फटका तो नाही. तुमच्या परमिटची फाईल कुठल्या शहराने हाताळायची, ते तुमच्या पत्त्यावरून ठरतं.

मी श्टुटगार्टहून म्युनिकला गेलो ते ऑक्टोबर २०१८ मध्ये. परमिट ३१ जानेवारीपर्यंत होतं. खोली दिली ती नेरूळच्याच एका मुलाने, पोटभाड्याने. नोंदणीला नुसता भाडेकरार चालत नाही, राहायला जागा देणाऱ्याने सही केलेला एक पानी दाखला लागतो. मूळ भाडेकरूही तो देऊ शकतो, नव्हे, द्यावाच लागतो. हा म्हणाला, "कागद नको रे, मालकाला कळेल." मी भिडेखातर गप्प बसलो.

डिसेंबरमध्ये परमिटसाठी विचारलं, तर जुनं कार्यालय म्हणालं, तुम्ही आता आमच्याकडचे नाही. नवं म्हणालं, तुमची नोंदच नाही. शेवटी दुसरी खोली घेतली. टपालपेटीवर नावाची कागदी पट्टी चिकटवली (नाव नसेल तर सरकारी पत्र परत जातं), २० जानेवारीच्या आठवड्यात नोंदणी केली आणि मुदत संपायच्या आत अर्ज दिला.

आत दिला म्हणून वाचलो. वेळेत अर्ज केला की निकाल लागेपर्यंत जुनं परमिट चालूच धरतात, नोकरीही चालू राहते. पण बाहेर जाऊन परत यायचं तर तसं लिहून दिलेला कागद हातात लागतो, फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग. त्यातही तिथल्या निवास कायद्याच्या कलम ८१, पोटकलम ४ च्या चौकोनात खूण हवी. पोटकलम ३ ची असेल तर त्यावर परत येता येत नाही. माझी फाईल शहरांमध्ये फिरत होती. कागद मिळाला मार्चमध्ये.

फेब्रुवारीत ठाण्यात बाबांची बायपास झाली. मी आलो नाही. दादा अजून म्हणतो, "तिकीट काढून यायचं, परतीचं नंतर बघितलं असतं." दादा, त्या कागदाशिवाय निघालो असतो तर मुंबईत नव्या व्हिसासाठी रांगेत उभा राहिलो असतो, आणि बाबांच्या ऑपरेशनचे हप्ते त्याच पगारातून जात होते. फेब्रुवारीत मी बरोबर वागलो. चुकलो ते ऑक्टोबरमध्ये, त्या मुलापुढे गप्प बसलो तेव्हा.

तेव्हा दाखला मिळेल का, हे खोलीचे पैसे देण्याआधी विचारा. देत नसतील तर ते नोंदणी कार्यालयाला लगेच कळवा, तशी तरतूद आहे. परमिटची अपॉइंटमेंट तीन महिने आधीपासून शोधा. मुदत उलटून गेली असेल तरी घरी बसू नका. थोडक्या दिवसांचा उशीर असेल तर अधिकारी कधी कधी सवलत देतात, पण ते त्यांच्या हातात असतं.