पट्टीवरची रेघ आणि रक्तातला आकडा

प्रश्न : गर्भचाचणीच्या पट्टीवर दुसरी रेघ फारच फिकट आली आहे. ती धरायची का?

पाकिटावर सांगितलेल्या वेळेत उमटली असेल तर धरावी; पट्टी वाळल्यावर दिसलेली रेघ धरू नये.

प्रश्न : पाळी दोन दिवस चुकली, पण लघवीची चाचणी नकारार्थी आली. म्हणजे गर्भ नाही ना?

असे लगेच म्हणता येत नाही. लघवीत एचसीजी हे संप्रेरक ठरावीक पातळीच्या वर गेले की पट्टी 'आहे' म्हणते, आणि बऱ्याच पट्ट्यांत ही पातळी मिलिलिटरमागे 25 मिलि-युनिटांच्या आसपास असते. त्या महिन्यात स्त्रीबीज उशिरा सुटले असेल किंवा भरपूर पाणी प्यायल्याने लघवी पातळ झाली असेल, तर गर्भ असूनही पट्टी 'नाही' म्हणते. दोन-तीन दिवसांनी सकाळच्या पहिल्या लघवीवर पुन्हा चाचणी करावी. पोटात दुखत असेल किंवा रक्तस्राव होत असेल तर मात्र न थांबता डॉक्टरांकडे जावे.

प्रश्न : रक्ताच्या तपासणीत माझे बीटा-एचसीजी 180 आले आहे. त्याच दिवसांत मैत्रिणीचे 400 होते. माझे कमी आहे का?

मैत्रिणीच्या आकड्याशी तुलना करण्याची ही सवय कृपया सोडून द्यावी, कारण एकाच आठवड्यातील निरोगी गर्भारपणांतही हे आकडे कित्येक पटींनी वेगळे असतात. एका आकड्यावरून फारसे कळत नाही. अर्थ असतो तो 48 तासांनी त्याच प्रयोगशाळेत मोजलेल्या दुसऱ्या आकड्यात. सुरुवातीचा आकडा 1500 पेक्षा कमी असेल, तर गर्भाशयात वाढणाऱ्या गर्भात तो या काळात सहसा निदान निम्म्याने वाढतो, म्हणजे 180 चे साधारण 270 किंवा त्याहून अधिक होतात. समजा तुमचे 230 झाले, तर वाढ जेमतेम 28 टक्के आहे. असा गर्भ खुंटत चाललेला असू शकतो किंवा गर्भनलिकेत रुजलेला असू शकतो, आणि नलिका फुटली तर जिवावर बेतते. उलट, आकडा नीट वाढला तरी नलिकेतील गर्भाची शक्यता पूर्णपणे संपत नाही. तो कोठे आहे हे शेवटी योनिमार्गे केलेली सोनोग्राफीच दाखवते. एका बाजूला पोटदुखी, खांद्यात कळ किंवा भोवळ आली, तर दुसऱ्या अहवालाची वाट न पाहता त्याच घटकेला रुग्णालय गाठावे.

प्रश्न : पुन्हा रक्त देण्याऐवजी रोज पट्टी करून रेघ गडद होते का, ते पाहिले तर चालेल का?

चालणार नाही. वरच्या उदाहरणातील 180 आणि 230 या दोन्ही दिवशी पट्टीवर सारखीच ठसठशीत रेघ दिसेल, कारण तिला 'आहे' एवढेच सांगता येते. रंगाची तीव्रता लघवीच्या दाटपणावर आणि पट्टीच्या बनावटीवरही अवलंबून असते. आठवडे दाखवणारी महाग किट घेणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे की तो केवळ अंदाज आहे, संप्रेरकाची मोजणी नव्हे. गर्भासाठी एचसीजीचे इंजेक्शन घेतले असेल, तर त्याचा अंश दहा ते चौदा दिवस शरीरात राहून दोन्ही चाचण्या फसवू शकतो. त्यांनी चाचणीचा दिवस डॉक्टरांनाच विचारून ठरवावा.